गट नंबर चालणार नाही

एटीएमच्या काचेवर 'एका वेळी एकच व्यक्ती' अशी पाटी असते. परवा दुपारी रांगेत उभी होते तेव्हा पुढची एक बाई सासूला हाताला धरून आत घेऊन गेली, आणि माझ्या मागचा एकजण पाटीकडे बोट दाखवून 'च्' करून मोबाईलमध्ये शिरला. ज्यानं ही पाटी लावली त्याच्या घरात पहिल्यांदा एटीएमला जाणारं कुणी नसावं.

आमच्या अप्पांचं कार्ड दीड-दोन वर्षं गोदरेजच्या कपाटात, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होतं. बँकेतून पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते उघडून बघितलं, उलटंसुलटं केलं आणि ठेवून दिलं. स्लिप भरावी, सही करावी, कॅशियरशी पावसापाण्याचं बोलावं, पैसे घ्यावेत. यात कार्ड कुठं बसतं? पण त्या वर्षी सोयाबीन काढायला आलेल्या टोळीला रविवारी पुढच्या गावाला जायचं होतं. गुत्तं एकरी 3,500 ला ठरलेलं, पाच एकराचे झाले 17,500. आणि शनिवार निघाला महिन्यातला दुसरा. 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे अप्पांना माहीत होतं, पण सोयाबीनला माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही दोघं तालुक्याला गेलो. दारात एक तरणा पोरगा उभा होता. "काका, द्या इकडं, काढून देतो," म्हणाला. अप्पा देणारच होते. मी मध्ये हात घातला. तो पोरगा भला असेलही. पण मदत करतो म्हणून कार्ड हातात घ्यायचं, नंबर बघून ठेवायचा आणि परत देताना तसंच दिसणारं दुसरं कार्ड टेकवायचं, हा धंदा फार सोपा आहे. कार्ड कुणाच्या हातून परत आलं की त्यावरचं नाव वाचायचं, एवढं तरी करावं.

आत गेल्यावर आधी पिन तयार करायचा होता. कार्ड घातलं, पिनचा पर्याय निवडला, मोबाईलवर ओटीपी आला. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, मोबाईल लांब धरला आणि आकडे मोठ्यांदा वाचले. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत मशीननं 'वेळ संपली' म्हणत कार्ड बाहेर ढकललं. अप्पा चिडले नाहीत, चकित झाले. आजवर त्यांच्याशी एवढ्या घाईनं कुणी बोललं नव्हतं. पुन्हा कार्ड घातलं. आता आपल्या आवडीचे चार आकडे टाकायचे होते.

"आपला गट नंबर टाक की."

"अप्पा, गट नंबर सातबाऱ्यावर असतो. कुणीही बघू शकतं."

"मग जन्मतारीख."

अप्पांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या चुलतभावाची 1 जून. सरपंचांची 1 जून. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची आणि मास्तर सगळ्यांना एकच देऊन टाकायचे. 0106 हा पिन ठेवला असता तर आमच्या निम्म्या गावाची कार्डं एकाच नंबरावर उघडली असती. हे सांगितल्यावर अप्पा खूप वेळ हसले. तेवढ्यात मशीननं पुन्हा कार्ड बाहेर काढलं.

शेवटी ते म्हणाले, "तू तिकडं तोंड कर." मी काचेतून बाहेर बघत उभी राहिले. नंबर दोनदा टाकायचा होता, तेच आकडे, तोच क्रम. एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता, मध्ये मोठा विराम. दोन्ही वेळा विराम एकाच जागी होता. मला तेव्हाच एक अंदाज आला होता, तो मी कधी बोलून दाखवला नाही.

मग पैसे काढणं. अप्पांना भाषा मराठी हवी होती. शब्द स्क्रीनवर आणि बटणं स्क्रीनच्या बाजूला, त्यामुळे ते बोट थेट शब्दावर टेकवत होते आणि काहीच होत नव्हतं. बटण कुठल्या शब्दाच्या रेषेत आहे ते बघायचं, हे त्यांनी एकदा पकडल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. मग खातं कुठलं ते विचारलं: बचत की चालू. अप्पांनी ठामपणे चालू दाबलं. "आपलं खातं चालूच हाय की. परवाच त्यात हप्ता आला." व्यवहार नाकारला गेला. व्यापारी लोकांच्या खात्याला चालू म्हणतात, हे त्यांना पटलं नाही. मलाही पटवून देता आलं नाही.

तिसऱ्या खेपेला बचत. रक्कम टाकताना 17,500 चालेना, त्या मशीनमधून एका वेळी दहा हजारच निघत होते. म्हणून आधी 10,000. मशीननं पहिल्यांदा कार्ड परत दिलं, आणि अप्पांनी ते घेतल्यावरच आतून नोटा मोजल्याचा आवाज आला, सुपात काहीतरी पाखडल्यासारखा. मला हा क्रम आवडतो. आधी पैसे दिले की माणूस ते घेऊन खुशीत चालता होतो आणि कार्ड तिथंच राहतं. पैसे हे ज्याच्यासाठी आलो ते काम, ते झालं की बाकीचं डोक्यातून जातं. सगळी मशीनं असं करत नाहीत, म्हणून निघताना खाच बघायची.

अप्पांनी पाचशेच्या वीस नोटा तिथंच उभं राहून मोजल्या. मग परत मोजल्या. बाहेर रांग हलायला लागली होती.

"आन् खात्यातून कापले, पण बाहेर आलेच नसते तर?"

हा प्रश्न मला अजून कुठल्या शिकलेल्या माणसानं विचारलेला नाही. मी सांगितलं की पावती नाहीतर मेसेज जपून ठेवायचा आणि आपल्या बँकेत तक्रार करायची. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे खात्यात परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेनं दिवसाला 100 रुपये आपल्याला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे.

"रोजचे शंभर? बँक आपल्याला?" अप्पांनी मशीनकडे पहिल्यांदा आदरानं बघितलं. "उसाच्या बिलाला असं कुणी दिलं नाही."

उरलेले 7,500 त्यांनी एकट्यानं काढले. मी दाराला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे 'एका वेळी एकच व्यक्ती'ला जमेल तेवढा मान दिला. आता ते महिन्यातून एकदा तरी जातात, पावती घेतात, आणि शाई उडून कोऱ्या झालेल्या त्या पावत्याही पिशवीत ठेवतात.

नंबर मात्र त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेला नाही. "मलाही सांगू नका," हे मीच त्यांना शिकवलं होतं. गेल्या दिवाळीत आई म्हणाली, "उद्या ह्यांना काही झालं तर त्या कार्डाचं काय करायचं गं?" मी म्हटलं, आई, माणूस गेल्यावर कार्ड चालवायचंच नसतं, नंबर माहीत असला तरी. तिथं नॉमिनी लागतो. आणि सहज पासबुक काढून पहिलं पान बघितलं.

खातं अप्पांच्या लग्नाआधीचं. नॉमिनीपुढे आजीचं नाव होतं. आजीला जाऊन किती वर्षं झाली ते आम्हा तिघांनाही पटकन सांगता येईना.

अप्पांना म्हटलं, सोमवारी शाखेत जाऊ, फॉर्म भरू, आईचं नाव घालू. ते म्हणाले, "हरभरा पेरून होऊ दे." हरभरा पेरून झाला, निघाला, विकूनही झाला.