‘ऑपरेशनल रीझन’ या दोन शब्दांत अडकलेला आमचा दावा

गेल्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान मुलीकडे जर्मनीला निघालो होतो. सांगलीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. तिथून पहाटे ४ वाजून १५ मिनिटांचे विमान आखातातील एका विमानतळावर उतरणार होते आणि तिथे अडीच तासांनी म्युनिकचे विमान मिळणार होते. मुंबईचे विमान प्रत्यक्षात १० वाजून ५५ मिनिटांनी, म्हणजे ६ तास ४० मिनिटे उशिराने सुटले. आम्ही उतरलो तेव्हा पुढचे विमान कधीच गेले होते आणि दुसरी जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळची, सुमारे वीस तासांनंतरची. तिकीट एकच असल्याने ही जागा विमान कंपनीने विनामूल्य दिली. हॉटेलच्या बाबतीत मात्र काउंटरवर एवढेच सांगण्यात आले की, कंपनीच्या यादीतील खोल्या संपल्या आहेत, तुम्ही स्वतः सोय करा. प्रत्येकी एका जेवणाचे कूपन तेवढे मिळाले. आमच्याकडे त्या देशाचा व्हिसा नव्हता, त्यामुळे विमानतळाबाहेर जाणे शक्य नव्हते आणि आतल्याच ट्रान्झिट हॉटेलमध्ये खोली घ्यावी लागली. खोलीचे १७,४०० रुपये झाले आणि जेवणखाणाचे ३,१५० रुपये. मुंबईत वाट पाहताना चहा-नाश्त्याला ८२० रुपये गेले होते, ते वेगळे.

प्रवासविमा होता. पोहोचल्यावर आठवड्याभरात ऑनलाइन अर्ज भरला, तिकिटे, बोर्डिंग पास, पासपोर्टची शिक्क्याची पाने, बिले आणि रद्द केलेला धनादेश जोडला. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून विलंबाचे प्रमाणपत्रही लगेच मिळाले होते. त्यात आमची नावे, विमानाचा क्रमांक आणि तारीख होती, आणि खाली एकच वाक्य होते की, हे विमान ‘ऑपरेशनल रीझन’मुळे उशिरा सुटले. हे दोन शब्द पुढे आम्हाला ४७ दिवस पुरतील, याची मला कल्पना नव्हती.

दोन आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. विमान किती तास उशिरा सुटले, कोणत्या कारणाने सुटले आणि विमान कंपनीने हॉटेल व जेवण दिले की नाही, हे तिन्ही मुद्दे विमान कंपनीच्याच लेटरहेडवर लेखी हवेत, अशी त्यांची मागणी होती. मला प्रथम संताप आला, कारण उशीर झाला हे बोर्डिंग पासवरून कळायला हवे असे मला वाटत होते. आमच्या गल्लीतील विमा प्रतिनिधींनी कागद पाहून समजावले, “वहिनी, बोर्डिंग पासवर ठरलेली वेळ असते, खरी वेळ नसते. आणि तुमच्या पॉलिसीत कोणत्या कारणाने झालेला उशीर चालतो ते लिहिलेले आहे. नुसते ऑपरेशनल म्हटल्यावर त्यांना हो किंवा नाही म्हणताच येत नाही.” मी पॉलिसीची पुस्तिका काढली, तेव्हा खराब हवामान, संप आणि विमानातील तांत्रिक बिघाड अशी कारणे स्पष्ट लिहिलेली दिसली. ‘ऑपरेशनल’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

मग सुरू झाला तो विमान कंपनीशी पत्रव्यवहार. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी वेगळी व्यक्ती भेटे, प्रत्येक जण दिलगिरी व्यक्त करी आणि संकेतस्थळावरचे प्रमाणपत्र पुन्हा उतरवून घ्या असे सांगे. मी ते चार वेळा उतरवले आणि चारही वेळा तेच वाक्य आले. सूचनांच्या फॉर्ममधून लिहिले, तर दहा दिवसांनी ‘आपल्या सहनशीलतेबद्दल आभार’ असे उत्तर आले. मुलीच्या घरी बसून, भारतातील कार्यालयाच्या वेळेनुसार पहाटे उठून, मी हे फोन करत होते. दरम्यान विमा कंपनीकडून स्मरणपत्र आले की, १५ दिवसांत कागद न आल्यास दावा बंद केला जाईल. त्या दिवशी माझा धीर खरोखर सुटला होता. तरीही मी त्यांना तत्काळ उत्तर पाठवले, विमान कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक जोडला आणि मुदत वाढवून मागितली. अशी मुदत दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा मिळाली. स्मरणपत्राला उत्तर न देता केवळ प्रमाणपत्राची वाट पाहत बसले असते, तर दावा नक्की बंद झाला असता.

मार्ग सापडला तो भाच्यामुळे. तो पुण्यात विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. त्याने सांगितले की, प्रत्येक उशिराची नोंद विमान कंपन्या ठरावीक सांकेतिक क्रमांकाने करतात. विमानातच दोष असेल तर ४१, आणि आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आले असेल तर ९३. म्हणजे नेमके कारण त्यांच्याकडे नोंदलेले असते, प्रमाणपत्रात मात्र सरसकट एकच वाक्य छापले जाते. “मावशी, उशीर का झाला असे विचारू नकोस, कोणता डिले कोड नोंदला आहे ते विचार,” असे तो म्हणाला.

त्यानुसार मी नवे पत्र लिहिले. त्यात तक्रारीचा एकही शब्द ठेवला नाही, चार प्रश्न मात्र वेगवेगळ्या ओळींत विचारले: ठरलेली आणि प्रत्यक्ष सुटण्याची वेळ, नोंदलेला डिले कोड व त्याचा अर्थ, या उशिरामुळे आमचे पुढचे विमान चुकले का, आणि आम्हाला हॉटेल व जेवण यांपैकी काय दिले गेले. पीएनआरसोबत दोन्ही ई-तिकिटांचे तेरा अंकी क्रमांक दिले, कारण सहा अक्षरी पीएनआर प्रवासानंतर त्यांच्या यादीत सापडत नाही असे मला फोनवर दोनदा ऐकवले गेले होते. विमा कंपनीचे पत्रही जोडले. तेच पत्र नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार म्हणून नोंदवले. नवव्या दिवशी लेटरहेडवर सहीचे उत्तर आले. आधीच्या फेरीत विमानात तांत्रिक बिघाड झाल्याने विमान मुंबईत उशिरा आले, विलंब ६ तास ४० मिनिटे, पुढचे विमान त्यामुळे चुकले, प्रत्येकी एक जेवणाचे कूपन दिले, हॉटेल दिले नाही. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवत नाही.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. अर्जात मी केवळ ‘विमानास विलंब’ या रकान्यावर खूण केली होती. आमच्या पॉलिसीत विलंबाच्या रकान्यात पहिल्या सहा तासांचा खर्च मिळत नाही, आणि हॉटेलचा खर्च तर पुढचे विमान चुकल्यामुळे झाला होता. त्यासाठी ‘मिस्ड कनेक्शन’ हा रकाना वेगळा आहे. प्रतिनिधींनी ते लक्षात आणून दिल्यावर मी दुरुस्तीचे पत्र पाठवले.

बिलांविषयीही सांगते. हॉटेल सोडताना काउंटरवर कार्डाची पावती देत होते. ती पुरत नाही, म्हणून यजमानांनी आग्रह धरून दोघांची नावे, खोलीत येण्या-जाण्याची वेळ आणि कराची रक्कम असलेले बिल घेतले. जेवणाच्या बिलांचे फोटो मात्र आम्ही त्याच दिवशी काढले नाहीत. थर्मल कागदावरचे एक बिल पर्समध्ये पुसट होऊन गेले. कार्डाच्या विवरणपत्रात ते ६४० रुपये दिसत होते, पण काय खाल्ले याचा तपशील नसल्याने ते नामंजूर झाले. मुंबईतले ८२० रुपये पहिल्या सहा तासांतले म्हणून गेले. विमान कंपनीकडून हॉटेलचे पैसे घेतलेले नाहीत, असे हमीपत्र सही करून दिल्यावर अकराव्या दिवशी उरलेले १९,९१० रुपये खात्यात जमा झाले.