बॅटरी काढली, गाडी वाचली, पण CODE ने छळलं

महिनाभर मुलीकडे जर्मनीला जाऊन आलो, पुण्यात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी बेसमेंटमध्ये जाऊन बॅटरीची वायर जोडली, किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू. बायकोला म्हटलं बघ, याला म्हणतात प्लॅनिंग. तेवढ्यात म्युझिक सिस्टीमवर अक्षरं आली, CODE.

बॅटरी का काढली ते आधी सांगतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा शेजारच्या काकांकडे किल्ली ठेवली होती, दर रविवारी पाच मिनिटं चालू करा म्हणून. काकांनी इमानेइतबारे केलं, वर एसी पण लावायचे, आणि आम्ही आलो तर बॅटरी मेलेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, साहेब, काकांनी सेवा केली पण बॅटरीची नाही. स्टार्टर एका दमात भरपूर करंट खातो आणि गाडी जागेवर उभी चालू असताना अल्टरनेटर तेवढं परत भरत नाही, त्यात एसी. वर सायलेन्सर नीट तापत नाही म्हणून आत पाणी साठतं ते वेगळंच. कोणी चालवणारं असेल तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

आणि बंद गाडीही थोडा करंट खातच असते, लॉक, अलार्म, घड्याळ. समजा 30 मिलीअँपिअर, तर महिन्याला साधारण 21 अँपिअर-अवर. माझी बॅटरी 35 ची, ती पण तीन वर्षं जुनी, मग काय उरणार?

म्हणून यावेळी 10 नंबरचा पाना घेऊन मायनसची वायर काढली. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. मायनस एकटी काढली तरी पुरतं, फक्त ती परत टर्मिनलला टेकू नये म्हणून कापडात गुंडाळून बाजूला सरकवली. बॉनेट लावलं, आणि मग लक्षात आलं की रिमोट चालत नाही आणि बॅग बांधायचा पट्टा डिकीत राहिलाय, जी बटणावर उघडते! मागची सीट पाडून आतून काढला. तर डिकी आधी रिकामी करा, आणि दार खऱ्या किल्लीने लॉक होतंय का ते पण आधीच बघा, कारण परत आल्यावर बॉनेटचा खटका आतच असतो.

हँडब्रेक लावला नाही, पावसाळ्यात महिनाभर लावून ठेवला तर चिकटू शकतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दोन विटा लावल्या. हवा चार पॉइंट जास्त भरली. बाकी धुणं वगैरे तुम्हाला माहीतच आहे, फक्त ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.

आता CODE. काही गाड्यांच्या सेटला चोरीपासून बचाव म्हणून असा चार आकडी कोड असतो, करंट तुटला की मागतो. आमची गाडी सेकंडहँड, पुस्तकात कार्ड नाही. मी शहाणपणा करून 0000, 1234 असं मारत बसलो आणि सेट लॉक झाला, मग तासभर किल्ली ऑन ठेवून थांबा, म्हणजे महिनाभर जपलेली बॅटरी आता यासाठी खर्च.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर गाडी घेऊन या. गेलो तर ओरिजिनल आरसी पाहिजे, कारण त्यांच्या सिस्टीमला अजून पहिल्या मालकाचं नाव. दुसऱ्या दिवशी आरसी घेऊन गेलो तर म्हणे सेटचा सिरीयल नंबर पाहिजे, तो सेटच्या मागे असतो, म्हणजे डॅशबोर्ड खोला आणि त्याचे पैसे वेगळे. अहो, हे काल नाही सांगता येत? नंबर मिळाला तर ज्याच्याकडे लॉगिन आहे तो माणूस रजेवर. तिसऱ्या दिवशी चार आकडे मिळाले, टाकायला दहा सेकंदं लागली. वायर काढायच्या आधी कोड हातात ठेवा, एवढंच सांगतो.

चालू करतानाचं राहिलंच. आधी बॉनेटखाली उंदराने घरटं केलंय का, वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च मारून बघा. विटा काढा. किल्ली ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, पंपाला पेट्रोल चढवू द्या, मग ब्रेक आणि क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा, कारण गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, आणि स्टार्ट, ॲक्सिलरेटर नाही. आयडलिंग थोडं वरखाली झालं तर घाबरू नका, बॅटरी काढल्यावर होतं असं. पार्किंगमध्येच हळू एक-दोनदा ब्रेक मारून बघा, डिस्कवर गंज चढलेला असतो, खर्रर आवाज येतो आणि थोड्या वेळात जातो. नाही गेला तर दाखवा. मग अर्धा तास बाहेर चालवून आणा.

नंतर सहज पहिल्या मालकाला फोन केला. म्हणाला, हो हो, ते कार्ड माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, तुम्ही मागितलं नाहीत कधी.