बंदीवाली फ्रंटियर डावीकडे कशी काय गेली? (माझा अनुभव)

नोकरी करून फायनान्सचं पार्ट टाइम शिकतेय. मागच्या महिन्यात सरांनी असाइनमेंट दिली, ऐकायला एकदम सोपी. तीन शेअर घ्या, एफिशियंट फ्रंटियर, म्हणजे प्रत्येक रिटर्नला सगळ्यात कमी रिस्क दाखवणारी रेघ, दोनदा काढा, एकदा शॉर्ट सेलिंग, म्हणजे शेअर उसना घेऊन विकणं, चालेल असं धरून आणि एकदा शॉर्ट सेलिंगवर पूर्ण बंदी धरून, दोन्ही एकाच ग्राफवर दाखवा आणि फरक का पडतो ते एका पानात लिहा. मला वाटलं एका रात्रीत होईल. गेले चार दिवस, पण त्या चार दिवसांत जे डोक्यात बसलं ते सहा महिन्यांच्या लेक्चर्समध्ये बसलं नव्हतं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आकडे सरांनीच दिलेले, समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेले. शेअर अ आणि शेअर ब या दोन बँका, शेअर क ही साबण-बिस्किटं विकणारी कंपनी. अपेक्षित रिटर्न १२, १० आणि ८ टक्के. रिस्क म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ३०, २५ आणि १५ टक्के. दोन बँकांमधलं कोरिलेशन ०.९, अ आणि क मधलं ०.३, ब आणि क मधलं ०.४. बास, एवढंच. प्रत्येक टार्गेट रिटर्नला सगळ्यात कमी रिस्क देणारी वेट, म्हणजे कुठल्या शेअरमध्ये पैशाचा किती भाग ते, शोधायची, वेटची बेरीज १ यायला हवी, आणि बंदी असेल तर एकही वेट शून्याखाली जाता कामा नये.

पायथॉनमध्ये कोड लिहिला, ८.५ ते १३ टक्के टार्गेट ठेवली, दोन रेघा काढल्या. बहुतेक ग्राफ बरोबर वाटत होता, बंदीवाली रेघ उजवीकडे म्हणजे जास्त रिस्कला, मोकळी रेघ डावीकडे. पण वर, १२ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर रेघा एकमेकींना छेदत होत्या आणि १३ टक्क्यांवर बंदीवाल्या रेघेची रिस्क ३० दिसत होती, मोकळ्या रेघेची ३२.५. म्हणजे हात बांधलेला माणूस जास्त चांगलं काम करतोय असं तो ग्राफ सांगत होता. मी आधी त्याला कारण शोधत बसले, शॉर्टमुळे वर गेल्यावर रिस्क वाढत असेल वगैरे, अर्धा परिच्छेद लिहूनसुद्धा टाकला.

रूममेट तेव्हा चहा घेऊन आली, ती इंजिनियर आहे, फायनान्सचं तिला काही माहीत नाही, ती ग्राफ बघून म्हणाली, "अगं, बंदी नसताना बंदीवालं उत्तर घ्यायला तुला कोणी अडवलंय का?" आणि मला एकदम लख्ख कळलं. बंदी असताना जे जे पोर्टफोलिओ चालतात ते सगळे बंदी नसतानाही चालतातच, वर आणखी भरपूर नवे मिळतात. मोठ्या ढिगातून शोधलेली सगळ्यात कमी रिस्क ही लहान ढिगातल्या सगळ्यात कमी रिस्कपेक्षा जास्त असूच शकत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे बंद ठेवला तर उरलेल्या रस्त्यांमधला सगळ्यात जवळचा रस्ता आधीपेक्षा जवळचा होणार नाही, फार तर तेवढाच राहील, आणि तोही तुम्ही नाहीतरी जुन्या हायवेनेच जाणार असाल तर. म्हणजे बंदीवाली रेघ मोकळ्या रेघेच्या डावीकडे दिसली की त्याचं स्पष्टीकरण फायनान्समध्ये शोधायचं नाही, चूक कोडमध्ये आहे.

चूक अशी होती. बंदी असताना तिन्ही वेट शून्य किंवा जास्त आणि बेरीज १, म्हणजे पोर्टफोलिओचा रिटर्न हा १२, १० आणि ८ ची सरासरी असणार, ती १२ च्या वर जाणार कशी? १३ टक्के हे टार्गेट अशक्यच आहे. ऑप्टिमायझरने तसं सांगितलंही होतं, `res.success` मध्ये False आलेलं, पण `res.x` मध्ये तरी आकडे असतातच आणि मी ते न बघता तसेच घेतले. माझ्याकडे जवळजवळ १, ०, ० आलं होतं, म्हणजे सगळा पैसा अ मध्ये, रिस्क ३०, आणि मी तो ठिपका उभ्या अक्षावर १३ ला लावला कारण ग्राफमध्ये टार्गेट वापरत होते, प्रत्यक्ष रिटर्न नाही. दुरुस्ती एवढीच, यात `S` म्हणजे कोव्हेरियन्स मॅट्रिक्स आणि `mu` म्हणजे अपेक्षित रिटर्न:

```python
res = minimize(lambda w: w @ S @ w, w0,
               bounds=[(0, None)]*3, constraints=cons)
if res.success:
    xs.append((res.x @ S @ res.x)**0.5)
    ys.append(res.x @ mu)
```

आता बंदीवाली रेघ १२ टक्क्यांवर, शेअर अ च्या ठिपक्यावर येऊन थांबली आणि मोकळी रेघ पुढे जात राहिली. ज्यांना हे करायचंय त्यांनी उभ्या अक्षावर नेहमी `res.x @ mu` लावा, टार्गेट नाही, म्हणजे अशी चूक लपून राहत नाही.

मग खरा प्रश्न, फरक का पडतो. मी १० टक्क्यांचं टार्गेट घेऊन हाताने सोडवलं आणि माझ्या मते तिथेच सगळं आहे. अ चा १२ आणि क चा ८, दोघांच्या मध्ये बरोबर १०, त्यामुळे रिटर्न १० हवा असेल तर अ आणि क ची वेट सारखीच लागतात. दोघांना t म्हणा, ब ला उरतं 1 − 2t. म्हणजे तीन अनोळखी आकड्यांचा प्रश्न एका आकड्यावर आला. व्हेरियन्स लिहिला की असा येतो:

595t² − 850t + 625

हा सगळ्यात कमी होतो t = 850/1190 = 5/7 ला, म्हणजे ०.७१४. मग ब चं वेट 1 − 10/7, म्हणजे उणे 3/7, उणे ०.४३. रुपयात सांगायचं तर तुमच्याकडे १ लाख असतील तर ब चे सुमारे ४२,८६० चे शेअर उसने घेऊन विका आणि हातात आलेल्या १,४२,८६० मधून अ चे ७१,४३० चे आणि क चेही तेवढेच घ्या. रिस्क येते १७.९३ टक्के. बंदी असेल तर t ०.५ च्या पुढे नेता येत नाही कारण ब शून्याला टेकतो, तेव्हा निम्मे अ मध्ये, निम्मे क मध्ये, ब मध्ये काही नाही, रिस्क १८.६७. रिटर्न तोच १०, पाऊण टक्का रिस्क जास्त, ही त्या एका अटीची किंमत.

इथे मला जे खटकलं ते असं की ब वाईट शेअर नाहीये, त्याचा रिटर्न क पेक्षा जास्त आहे, मग तो विकायचा कशाला? उत्तर ०.९ मध्ये आहे. दोन बँका जवळजवळ एकत्र हलतात, त्यामुळे अ घेऊन ब विकला की बँकांच्या धक्क्याचा मोठा भाग आपसांत कटतो. इथे शॉर्ट केलाय तो ब पडेल म्हणून नाही, अ ला सांभाळायला. बंदी आली की हेच जातं. आणि वर जाल तसं नुकसान वाढतं. १२ टक्क्यांना बंदीत एकच पोर्टफोलिओ उरतो, सगळं अ मध्ये, रिस्क ३०, तर मोकळ्यात अ १५३ टक्के, ब उणे १०६, क ५३ घेऊन रिस्क २७.१ वर येते.

खाली मात्र उलट. सगळ्यात कमी रिस्कचा पोर्टफोलिओ काढला तर तो अ ३.७, ब ९.५, क ८६.८ टक्के असा आला, रिटर्न ८.३४, रिस्क १४.६५, आणि यात एकही उणे वेट नाही. मग बंदी असली काय, नसली काय. तिथपासून साधारण ८.६४ टक्क्यांपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसतात, तिथे ब चं वेट शून्याला येतं आणि त्याच बिंदूपासून त्या वेगळ्या होतात. हा जुन्या हायवेचा भाग. नियम असणं आणि नियम आड येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ग्राफ झूम करून बघेपर्यंत जाणवलं नव्हतं.

सरांना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कोरिलेशन ०.९ च्या जागी ०.८ टाकलंस तर?" घरी येऊन टाकलं. त्याच १० टक्क्यांना ब चा शॉर्ट ४३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला! मोकळ्या पोर्टफोलिओची रिस्क १८.५९ झाली. आणि बंदीवाला पोर्टफोलिओ हलला पण नाही, निम्मे अ, निम्मे क, १८.६७, कारण त्यात ब नाहीच, मग त्याचं कोरिलेशन काय करणार. आता ०.९ की ०.८ हे खऱ्या डेटातून कुणाला पक्कं सांगता येतं? काही वर्षांच्या किमतींवरून काढलेला आकडा तेवढा इकडेतिकडे सहज असतो. मोठे मोठे शॉर्ट पुष्कळदा अशा एखाद्या फुगलेल्या कोरिलेशनवरच उभे असतात. जगन्नाथन आणि मा यांचा २००३ चा जर्नल ऑफ फायनान्समधला पेपर नेमका यावर आहे, त्यांनी दाखवलं की शॉर्टवर बंदी घालणं हे गणितात कोव्हेरियन्सचे फुगलेले आकडे खाली ओढण्यासारखंच काम करतं, त्यामुळे अंदाजच चुकलेले असतील तर बंदीवाला पोर्टफोलिओ प्रत्यक्षात कमी रिस्कचा निघू शकतो. इथे माझा थोडा गोंधळ झाला, की मग बंदीवाली रेघ डावीकडे जाऊ शकते का? कागदावर नाही. ग्राफ आपण दिलेल्या आकड्यांवर काढतो आणि त्या आकड्यांसाठी लहान ढीग कधीच जिंकत नाही. पुढच्या वर्षी बाजारात खरे आकडे वेगळे निघाले तर तो हिशोब वेगळा.

आणि एक, मोकळी रेघ जेवढी मोकळी दिसते तेवढी आपल्याकडे ती नाहीये. कॅश सेगमेंटमध्ये साधा गुंतवणूकदार शॉर्ट करतो तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो, रात्रभर ठेवायचा तर एसएलबी, म्हणजे शेअर उसने देण्याघेण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यातून शेअर उसना घ्या नाहीतर फ्युचर विका. उसन्याचं भाडं जातं, मार्जिन अडकतं, आणि ब विकून आलेल्या पैशाने लगेच अ घ्यायचा हे जे मी वर १,४२,८६० मध्ये गृहीत धरलं ते तसं सरळ होत नाही. म्हणून मी शेवटी तिसरी रेघ पण काढली, प्रत्येक शेअरचा शॉर्ट जास्तीत जास्त २० टक्के, कोडमध्ये फक्त `(0, None)` च्या जागी `(-0.2, None)`. १० टक्क्यांना t = ०.६, रिस्क १८.१४, दोघींच्या मधे, आणि ती पण कुठेही मोकळ्या रेघेच्या डावीकडे गेली नाही, हे यावेळी मी सबमिट करायच्या आधी एकेक ठिपका ताडून बघितलं.