दोन वाजून साठ मिनिटे

स्पर्धा परीक्षांच्या वर्गात मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. सराव चाचणीच्या उत्तरतालिकेवर आक्षेप ऐकून घेण्याच्या तासाला त्या दिवशी एक विद्यार्थिनी कच्च्या कामाची वही घेऊनच उभी राहिली. दुपारी २ ते ४ या वेळेत घड्याळाचे काटे किती वेळा काटकोनात येतात, असा प्रश्न होता. तालिकेत उत्तर ३ होते. "सर, चारही वेळा मी काढून दाखवते," ती म्हणाली.

तिची आकडेमोड निर्दोष होती. मिनिट काटा दर मिनिटाला ६ अंश सरकतो आणि तास काटा अर्धा अंश, त्यामुळे मिनिट काटा मिनिटागणिक साडेपाच अंशांची आघाडी घेतो. २ वाजता तो ६० अंश मागे असतो. ती पिछाडी भरून ९० अंश पुढे जायला १५० अंश कमवावे लागतात, म्हणजे २७ ३/११ मिनिटे. तो २७० अंश पुढे गेला की दुसरा काटकोन होतो. त्यासाठी ३३० अंश, म्हणजे बरोबर ६० मिनिटे लागतात. पुढच्या तासासाठी तिने ० मिनिटे आणि ३२ ८/११ मिनिटे अशी दोन उत्तरे काढली होती.

मी तिला चारही वेळा फळ्यावर लिहायला सांगितल्या. '२ वाजून ६० मिनिटे' आणि त्याखाली '३ वाजून ० मिनिटे' असे लिहून होताच ती स्वतःच थांबली आणि वर्ग हसला.

खरे तर हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी 'तासाला दोनदा' असे पाठ करून दिवसाचे ४८ काटकोन मोजले होते. लागोपाठच्या दोन काटकोनांत १८० अंशांची आघाडी, म्हणजे ३२ ८/११ मिनिटे जातात. त्यामुळे १२ तासांत ते २२ वेळाच होतात आणि दिवसात ४४ वेळा. सूत्रातून ६० किंवा ० मिनिटे आली, की तो क्षण शेजारच्या तासातही मोजला गेला आहे का, हे पाहावे. ३ आणि ९ वाजता हेच घडते. नुसते '२ ते ३ च्या दरम्यान' असे विचारले, तर ३ चा ठोका धरायचा की नाही यावर उत्तर बदलते, आणि असा प्रश्न काढणाऱ्याचीच चूक मी मानतो.

मग सीमेचाच विषय निघाला म्हणून मी वाराचे उदाहरण दिले. १५ फेब्रुवारी २०२३ ला बुधवार होता, तर १५ फेब्रुवारी २०२४ ला कोणता? २०२४ हे लीप वर्ष दिसताच अनेकांनी दोन वार पुढे जाऊन शुक्रवार सांगितला. तिने मात्र आधी २९ फेब्रुवारी या दोन तारखांच्या मध्ये येते का, ते पाहिले. ती येत नाही. दिवस ३६५ च होतात, ७ ने भागून बाकी १ उरते आणि वार गुरुवार येतो. पुढे तिने आपणहून दोन्हीकडे फेब्रुवारीच्या जागी मार्च घेऊन पाहिले, तेव्हा ती तारीख आत आली, बाकी २ झाली आणि शुक्रवार निघाला.