कान दुखायचा थांबला, आणि तेल घशात उतरलं

मुलगी सहा वर्षांची, वजन 18 किलो. आईच्या खांद्यावर डोकं टाकूनच ओपीडीत आली. खाली उतरवलं की गरगरतंय म्हणून रडायची. सोबत आजी होत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता, "डॉक्टर, परवा रात्री तेल घातलं आणि पोरीचं दुखणं तासाभरात थांबलं. काल तेच तेल घातलं तर वांती झाली. असं कसं?"

या प्रश्नातच सगळी केस होती, म्हणून आधी घटनाक्रम नीट विचारून घेतला. आठवडाभर सर्दी. परवा रात्री डाव्या कानात ठणका आणि ताप. आजींनी पळीत खोबरेल तेल तापवलं, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून लालसर होईपर्यंत तळल्या, कोमट झाल्यावर तीन-चार थेंब कानात सोडले आणि कापसाचा बोळा घातला. मुलगी झोपली. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळसर, किंचित लालसर डाग होता. तेल सांडलं असेल असं वाटलं. काल संध्याकाळी दुखणं नव्हतं, पण "परत उठू नये" म्हणून पुन्हा तेल घातलं. मुलगी किंचाळली, खोली फिरतेय म्हणाली, ओकली. आणि आईने आणखी एक गोष्ट सांगितली: "म्हणत होती, घशात लसूण लागतोय."

कानात घातलेल्या थेंबांची चव घशात यायला एकच वाट आहे. कानाची नळी पडद्यापाशी संपते. पडद्यामागे मधला कान, आणि तिथून एक बारीक नळी नाकामागे घशात उघडते. पडदा शाबूत असेल तर थेंब कितीही घाला, ते अलीकडेच राहतात. चव आली म्हणजे पडद्याला भोक आहे, हे कानात पाहण्याआधीच जवळपास ठरलं. उलट मात्र खरं नाही. चव आली नाही म्हणून पडदा धड आहे, असं समजता येत नाही, कारण सर्दीत ती नळी सुजून बंद असू शकते.

ऑटोस्कोपमधून पहिल्यांदा दिसला तो तेलाचा थर आणि त्यात अडकलेले लसणाचे करपट कण. पाण्याची पिचकारी मारायचा प्रश्नच नव्हता. भोकातून पाणी आणि घाण दोन्ही आत गेली असती. मायक्रोस्कोपखाली बारीक सक्शनने हळूहळू ओढून घेतलं. नळीची कातडी लाल आणि ओलसर होती. पडदा सुजलेला, आणि त्याच्या खालच्या पुढच्या भागात टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्यातून पू नाडीच्या ठोक्याबरोबर एकेक कण बाहेर येत होता. पडद्यामागच्या तीव्र संसर्गात पडदा फुटला की असंच दिसतं.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं. ठणका पडद्यामागे साठलेल्या पुवाच्या दाबाने होतो. त्या रात्री पडदा फुटला, पू बाहेर आला, दाब उतरला आणि दुखणं थांबलं. उशीवरचा डाग त्याचाच होता. तेलाने पडदा फोडला असं मी म्हणणार नाही. तेल घातलं नसतं तरी तो बहुधा फुटलाच असता. पण श्रेय तेलाला गेलं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी ते उघड्या भोकातून आत गेलं.

आत गेल्यावर फरक काय पडतो? नळीला निदान कातडी असते. मधल्या कानाला तोंडाच्या आतल्यासारखं नाजूक ओलं अस्तर असतं, आणि ते आधीच सुजलेलं होतं. तेल दाट, त्यामुळे ते पटकन निचरून जात नाही. त्यातले कण निर्जंतुक नसतात, आणि ते चिकटून राहतात. लसूण नीट तळला तर त्याचा जहालपणा बराच कमी होतो. कच्चा ठेचून पिळलेला रस मात्र साध्या कातडीवरही फोड आणतो. कांद्याचंही तसंच: कच्चा रस झोंबतो, भाजलेला सौम्य लागतो, पण दोन्ही निर्जंतुक नाहीत. पुढे नळीत बुरशी धरली तर खाज सुटते आणि कान महिनाभर पिडतो.

चक्कर आली ती मुख्यतः तापमानामुळे. तोल सांभाळणारा आतला कान मधल्या कानाला लागूनच आहे. तोलाच्या तपासणीत आम्ही मुद्दाम 30 आणि 44 अंश सेल्सिअसचं पाणी कानात सोडतो. शरीराच्या 37 अंशांपेक्षा फक्त सात अंश खाली-वर, तेवढ्याने माणूस गरगरतो. तिथे तर मध्ये पडदा असतो. तेल हाताला "कोमट" लागलं तरी ते या हिशेबात सहज गरम ठरतं. राबणाऱ्या तळव्याची कातडी जाड, तिच्यावर भरवसा ठेवू नये. थंड तेलानेही तेच होतं.

आतल्या कानाला इजा नाही ना, हे पाहायला हवं होतं. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवला तेव्हा आवाज डाव्या, म्हणजे दुखऱ्या, कानात जास्त येतो असं मुलीने बोट दाखवून सांगितलं. पडदा आणि मधल्या कानातल्या हाडांच्या साखळीतला अडथळा असला की असंच होतं. आतला कान किंवा त्याची नस मार खाते तेव्हा आवाज चांगल्या कानाकडे जातो. चेहरा सरळ, कानामागे सूज नाही, डोळ्यांची थरथर थांबलेली. यातलं काही वेगळं दिसलं असतं तर मुलीला त्याच दिवशी दाखल केलं असतं.

पोटातून अमॉक्सिसिलिन दिलं, आणि कानात नुसत्या ऑफ्लॉक्सासिनचे पाच थेंब, दिवसातून दोनदा. "नुसत्या" यावर जोर दिला, कारण घरात मागच्या वेळची बाटली असतेच. तिच्यात निओमायसिन किंवा जेंटामायसिन असेल तर भोकातून जाऊन आतल्या कानाला धोका होऊ शकतो, आणि बधिर करणारं लिडोकेन असेल तर पुन्हा चक्कर. ऑफ्लॉक्सासिनची बाटली दोन मिनिटं मुठीत धरून मग थेंब घालायचे. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानात ठेवायचा, एरवी कान उघडा.

आजींनी विचारलं, "मग रात्री-अपरात्री कान ठणकला तर करायचं काय?" पॅरासिटामॉल, एका वेळी किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे हिला सुमारे 250, दोन मात्रांमध्ये किमान सहा तास. पातळ औषधाच्या बाटल्या 5 मिलीला 120 आणि 250 अशा दोन्ही मिळतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय चमचा भरायचा नाही. शेकायचं तर सुती कापड कोमट करून बाहेरून. पडदा धड असताना तेल त्याच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे तेव्हाही आराम मिळतो तो उबेचा. ती बाहेरूनही मिळते. आणि दुखणं एकाएकी थांबून कान वाहू लागला, तर त्या कानात काहीच घालायचं नाही, दुसऱ्या दिवशी दाखवायचं.

तीन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा भोक मिटलं होतं. पडद्यामागे थोडं पाणी उरलं होतं. टीव्हीचा आवाज वाढवते, असं आई म्हणाली. एवढ्यात त्याला औषध लागत नाही. आणखी दोन महिन्यांनी ऐकण्याची तपासणी करायला सांगितलं, आणि तोवर शाळेत पहिल्या बाकावर, उजवा कान बाईंकडे राहील असं बसवायला.