टेप क्रमांक ७ : आजीचा स्वेटर आणि एआयची वीण

घरच्या जुन्या व्हिडिओ टेप संगणकावर उतरवून एआयने मोठ्या आणि स्वच्छ करतोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की त्यातली सातवी टेप "झाली". ती झाली नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काय चुकलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण चूक अपस्केलिंगमध्ये, म्हणजे चित्र मोठं करण्यात, नव्हती. ती त्याच्या बऱ्याच आधी झाली होती.

टेपवर काय आहे ते आधी सांगतो. साधी व्हीएचएस, पाल पद्धतीची. कामाचा भाग २२ मिनिटांचा. आजी खिडकीजवळ बसून स्वेटर विणतेय, मागे दाराची चौकट दिसते, मग कॅमेरा अंगणात जातो आणि मी झोक्यावर. विणकामाच्या सुया, दाराची उभी चौकट आणि झोका या तिन्ही गोष्टी पुढे परीक्षेला उपयोगी पडल्या.

पहिला प्रयत्न असा: व्हीसीआरची पिवळी कंपोझिट वायर, स्वस्तातली यूएसबी स्टिक आणि तिच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर. त्याने एमपेग-२ फाइल दिली, ती मी थेट एआय मॉडेलमध्ये चौपट मोठी करायला टाकली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर आजीच्या सुयांना कंगव्यासारखे दात फुटलेले, आणि तेही अगदी रेखीव, कोरल्यासारखे. मूळ फाइलमध्ये तेच दात पुसट होते. मॉडेलला ते चित्राचा भाग वाटले आणि त्याने ते नीट घासूनपुसून मोठे केले.

हे दात म्हणजे इंटरलेसिंग, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पण ते त्या फाइलमध्ये अर्धवट का उरले, ते कळायला मला वेळ लागला. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. तेवढ्यात सुई सरकलेली असते. स्टिकच्या सॉफ्टवेअरने न विचारता दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळून टाकली होती आणि वर एमपेगचे चौकोनी ठोकळे चढवले होते. मिसळलेली फील्ड परत वेगळी करता येत नाहीत. म्हणून टेप पुन्हा व्हीसीआरमध्ये घातली.

दुसऱ्या वेळी सगळं बदललं. लाइन टीबीसी, म्हणजे ओळींची वेळ नीट करणारी सोय, असलेला एस-व्हीएचएस डेक, एस-व्हिडिओची वायर, आणि व्हर्च्युअलडबमध्ये हफवाययूव्हीने लॉसलेस कॅप्चर: ७२०×५७६, ४:२:२, इंटरलेस्ड जसं आहे तसं. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी जागा लागते. डिस्क भरते खरी, पण पुढे काय करायचं ते आपल्या हातात राहतं. टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसत नाही ना, हेही पाहिलं. बुरशी असलेली टेप डेकमध्ये घातली तर हेडही खराब होतात आणि पुढची टेपही.

टीबीसीचा फरक दाराच्या चौकटीवर दिसला. पहिल्या कॅप्चरमध्ये चौकटीची उभी कड पाण्यात पाहिल्यासारखी हलत होती. टेप किंचित ताणलेली असते, ड्रमचा वेगही क्षणोक्षणी थोडा कमीजास्त होतो, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ जराशी लवकर किंवा उशिरा सुरू होते. लाइन टीबीसी प्रत्येक ओळ क्षणभर धरून ठेवतो आणि ठरल्या वेळी सोडतो. नव्या कॅप्चरमध्ये चौकट सरळ उभी राहिली. हे काम कॅप्चरनंतर सॉफ्टवेअरने धड होत नाही. आणि वाकडीतिकडी कड मॉडेलला दिली, तर ते दर फ्रेमला वेगळी वाकडी कड ठळक करून देतं.

आता डीइंटरलेसिंग, म्हणजे फील्डमधून पूर्ण फ्रेम बनवणं. माझ्या मते या टेपचा निम्म्याहून जास्त सुधार इथेच झाला, आणि इथे एआयचा काही संबंध नाही. आधी फील्डचा क्रम तपासायचा. वरचं फील्ड पहिलं की खालचं, हे कॅप्चरच्या साधनावर अवलंबून असतं. डीव्हीमध्ये खालचं पहिलं असतं, माझ्या कार्डावर वरचं. अंदाज न बांधता अ‍ॅव्हीसिंथमध्ये हे चालवा:

```
AviSource("tape07.avi")
AssumeTFF()
SeparateFields()
```

आणि झोक्याचा भाग एकेक पाऊल पुढे नेत पाहा. क्रम बरोबर असेल तर झोका प्रत्येक पावलाला थोडा पुढे जातो. चुकला असेल तर एक पाऊल मागे आणि लगेच मोठी उडी पुढे, असा अडखळत जातो. सुरू असलेल्या व्हिडिओत हे फक्त "काहीतरी थरथरतंय" असं वाटतं, एकेक पाऊल पाहिलं की शंका राहत नाही. मग:

```
AviSource("tape07.avi")
ConvertToYV16()
AssumeTFF()
QTGMC(Preset="Slower")
```

क्यूटीजीएमसी दोन्ही फील्डमधून पूर्ण फ्रेम तयार करतं, त्यामुळे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. त्या ५०च राहू द्या. २५ केल्या की झोक्याचा तो ओघ जातो आणि घरचा व्हिडिओ उगाच वेगळाच काहीतरी वाटायला लागतो. ते हळू चालतं, पण त्यात चित्राची चुळबुळही बरीच शांत होते, म्हणून वेगळा डीनॉइझ मी फार हलका ठेवला. इथे दोन्हीकडून अडचण आहे. नॉइझ तसाच ठेवला तर मॉडेल त्याला पोत समजून भिंतीवर वळवळणारी नक्षी काढतं. पूर्ण काढला तर माणसं मेणाची होतात.

रंगाचं थोडक्यात. व्हीएचएसवर उजेडाचा तपशील आडवा सुमारे २४० ओळींचा असतो, रंगाचा तर ४०च्या आसपास. त्यामुळे आजीच्या लोकरीचा लाल रंग लोकरीच्या बाहेर उजवीकडे सांडलेला होता. रंगाचा थर काही पिक्सेल डावीकडे सरकवला, लोकरीच्या कडेवर नजर ठेवून. कितीने, याचा ठरलेला आकडा नाही, टेपनुसार बदलतो. सांडलेला रंग परत गोळा होत नाही, फक्त जागेवर येतो.

मग अपस्केल. चौपटीचा मोह सोडला आणि फक्त दुप्पट केलं. ७२०×५७६चे पिक्सेल चौरस नसतात, चित्र ४:३ आहे. दुपटीने १४४०×११५२ मिळतं, मग उंची १०८० वर आणली की १४४०×१०८०, बरोबर ४:३. त्याआधी तळाच्या हेड-स्विचिंगच्या फाटक्या ओळी काळ्या पट्टीने झाकल्या. न झाकता दिल्या तेव्हा मॉडेलने त्या फाटक्या ओळींतून गवतासारखं काहीतरी उगवलं होतं.

दोन प्रकारची मॉडेल पाहिली. एक प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून सुधारतं. थांबवून पाहिलं तर झकास, चालवलं की आजीच्या केसांची मांडणी दर फ्रेमला बदलते आणि सगळं लुकलुकतं. दुसरं आजूबाजूच्या फ्रेम पाहून ठरवतं. ते कमी चकचकीत, पण स्थिर. दुसरं घेतलं.

आणि इथे स्वेटर आला. निकालात स्वेटरवर तिरक्या टाक्यांची सुंदर, स्पष्ट वीण दिसत होती. मी खूश होऊन आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, आईने तिरकी वीण कधी घातली?" आणि कपाटातून तोच स्वेटर काढून आणला. दोन सुलट, दोन उलट, साध्या उभ्या पट्ट्या. टेपवर एकेक टाका कधी उमटलाच नव्हता, तेवढा तपशील व्हीएचएसमध्ये मावत नाही. मॉडेलने आधी पाहिलेल्या हजारो विणलेल्या कपड्यांतून एक वीण निवडून तिथे बसवली होती.

मग चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आजीची डावी पापणी जराशी खाली असायची. जवळच्या दृश्यात, जिथे चेहरा दोनशे-अडीचशे पिक्सेल उंच आहे, तिथे ती तशीच राहिली. लांबून घेतलेल्या दृश्यात चेहरा जेमतेम ४० पिक्सेल, तिथे दोन्ही डोळे सारखे झाले होते. चेहऱ्यांसाठीचं खास मॉडेल लावलं तेव्हा तर दात नीट, गाल गुळगुळीत, आणि आत्या एवढंच म्हणाली, "ही कोण?" त्या मॉडेलला चेहरा कसा असतो ते माहीत असतं, हा चेहरा कसा होता ते नाही. ते बंद केलं.

शेवटी असं ठेवलं: जवळच्या दृश्यांत मॉडेलचा निकाल ६० टक्के, लांबच्या दृश्यांत २५ टक्के, उरलेलं साधं रिसाइझ.

```
Merge(plain, ai, 0.25)
```

वीण पुन्हा धूसर झाली. तशीच असू दे. केसांच्या आणि चौकटीच्या कडा मात्र मोठ्या पडद्यावर स्वच्छ राहिल्या, आणि लुकलुक जवळपास गेली.

फाइली तीन ठेवल्यात. मूळ कॅप्चर एफएफव्ही१ मध्ये, इंटरलेस्ड, काहीही न बदलता. उद्या यापेक्षा बरं डीइंटरलेसिंग आलं तर याच फाइलवर चालेल:

```
ffmpeg -i tape07.avi -c:v ffv1 -level 3 -g 1 -slicecrc 1 -c:a pcm_s16le tape07.mkv
```

त्यातलं slicecrc प्रत्येक तुकड्याची तपासबेरीज आत साठवतं, म्हणजे डिस्कवर काही खराब झालं तर कुठे ते कळतं. दुसरी फाइल ५० फ्रेमची, एआय न लावलेली. तिसरी मिश्रणाची, आणि तिच्या नावात ai असं स्पष्ट लिहिलंय, कारण वीस वर्षांनी ती पाहणाऱ्याकडे तपासायला तो स्वेटर असेलच असं नाही.

आठवी टेप काल लावून पाहिली. एलपीमध्ये, म्हणजे कमी वेगाने, रेकॉर्ड केलीय आणि माझ्या डेकवर ट्रॅकिंग कितीही फिरवलं तरी चित्रातली पट्टी मधून जात नाही. ज्या मशीनवर ती रेकॉर्ड झाली तो जुना व्हीसीआर आत्याच्या माळ्यावर आहे. पट्टा सैल झालाय, तो बदलून आधी त्यावरच चालवून बघणार.