सव्वा गुणाचं भांडण

बँक भरतीच्या सराव परीक्षेची उत्तरतालिका मीच केली होती, तीही आदल्या रात्री 12 नंतर. पेपर सुटला तशी एक विद्यार्थिनी कच्च्या कामाचा कागद घेऊन समोर उभी. "सर, 23व्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय."

विधान होतं A ≥ B = C ≥ D < E. त्यावरून कोणता निष्कर्ष नक्की निघतो ते सांगायचं. निष्कर्ष दोन: I. A > D आणि II. D = A. माझं उत्तर, 'दोन्ही नाही'.

मी वर्गात रोज सांगतो तेच तिला ऐकवलं. "अगं, A पासून D पर्यंत चिन्हं एकाच दिशेची आहेत, पण निखळ > एकही नाही. मग A > D नक्की म्हणता येत नाही. आणि = तरी नक्की कुठंय?"

"एकेकटा निष्कर्ष नाहीच निघत," ती म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. A, B, C, D साठी तिनं दोन ओळी मांडल्या होत्या: 7, 5, 5, 5 आणि 5, 5, 5, 5. पहिलीत A मोठा, दुसरीत A आणि D सारखे. "आता A लहान पडेल अशी तिसरी ओळ लिहून दाखवा ना, सर."

लिहिता येईना. विधानातून A ≥ D एवढंच निघतं, म्हणजे मोठा किंवा समान, आणि हेच दोन तुकडे दोन निष्कर्षांत वाटलेले. दोघांपैकी एक खरा असणारच. उत्तर 'I किंवा II'. गंमत म्हणजे मुलांना जोडी ओळखू येऊ नये म्हणून A = D उलटं करून D = A मीच लिहिलं होतं!

फळ्यावर दुरुस्ती केली तर मागून एकजण, "मग 27 पण तसाच ना?" तिथे M > N ≤ K होतं; निष्कर्ष M > K आणि M = K. दिसायला तीच जोडी. पण इथे चिन्हं N पाशी उलटी फिरतात. M, N, K ला 5, 3, 9 द्या, M लहान पडला. तिसरी ओळ सापडली की 'किंवा' गेलं, 'दोन्ही नाही' बरोबर. दुसरा निष्कर्ष M ≤ K असता तर मात्र 'किंवा' आलं असतं. M आणि K बद्दल विधान काहीच सांगत नाही, तरीही! कारण > आणि ≤ मिळून सगळ्या शक्यता संपतात. हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि दोघांना अजून पटलेलं नाही.

आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेसारखाच आम्हीही चुकीला पाव गुण कापतो, त्यामुळे दुरुस्तीनं तिला सव्वा गुण मिळाला. ज्यांचं उत्तर माझ्या चुकीच्या तालिकेशी जुळलं होतं, त्यांचा तेवढाच गेला. ते दाराशी थांबले होते.

"सर, आमच्या सव्वाचं काय?"